उभयतांनी कळवावे

माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम रत्नागिरीत कोणीही पाहिलेलं नाही. का पाहिलेलं नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायला बसलो की माझा आवाज चढतो आणि समोरचा माणूस उठून जातो. कागद उठून जात नाही, म्हणून लिहितो.

मी फोटोग्राफर झालो तो कोणाच्या मदतीनं नाही. आधी बंदरावर मचव्यांची नावं रंगवायचो. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उन्हात उलटं लटकून अक्षर सरळ काढायचं, आणि नंतर होडी चालवणाऱ्या तांडेलाशी पैशांची घासाघीस करायची, हे माझं शिक्षण. पुढे मुंबईत एका स्टुडिओत तीन वर्षं काढली आणि तिथे रिटचिंग शिकलो. परत येऊन चिऱ्याच्या दोन खोल्या घेतल्या, उत्तरेची भिंत फोडून तिला काच लावली आणि पाटी स्वतःच रंगवली. फोटो काढणारे गावात आणखीही होते. पण काचेवर पेन्सिल चालवणारा हात माझ्याएवढा कोणाचा नव्हता, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

हे काम ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा, आणि काचेवर सगळं उलटं असतं. जे काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. चेहऱ्यावरची मुरमाची सावली काचेवर बारीक उजळ ठिपक्यासारखी दिसते. त्या ठिपक्यात अणकुचीदार पेन्सिलीनं अगदी हलकं काम करून तो आजूबाजूइतका गडद केला, की कागदावर मुरूम नाहीसा. काचेवर पेन्सिल नुसती घसरते, म्हणून आधी राळेचं आणि टर्पेंटाइनचं पातळ रोगण बोटानं चोळायचं. एक ठिपका भरायला एक बिडी ओढण्याइतका वेळ लागू शकतो. घाई केली की चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसतो. मुंबईत असे पिठाचे चेहरे ढिगानं निघत.

एका वर्षी वैशाखात हातखंब्याच्या अलीकडच्या एका गावात मला लग्नाचं काम मिळालं. नवरदेव मुंबईत शाळामास्तर. त्याचे वडील कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. जन्म कागद वाचण्यात गेलेला, त्यामुळे जे कागदावर नाही ते घडलंच नाही असं मानणारा माणूस. मांडवात अंधार असल्यामुळे खरे फोटो मी दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात घेतले. कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर सतरंजी टाकली, तिच्यापुढे खुर्च्या मांडल्या आणि सगळ्यांना दम धरून बसायला सांगितलं. सगळे बसले, नवरदेवाच्या काकांखेरीज. मी कॅमेऱ्याच्या भिंगावरची टोपी काढून मनात आकडे मोजत असताना काकांना आंब्यावर माकड दिसलं.

आवराआवर करत होतो तेव्हा नवरदेव जवळ आला.

"मुंबईत एका मित्राच्या लग्नाचा आल्बम पाहिला मी," तो म्हणाला. "त्यात त्याची आई मला ओळखू आली नाही. मेणाची वाटत होती. तुम्ही काय काय करणार ते आधी लिहून कळवा."

"तोंडी सांगतो की."

"तोंडी नको. वडील ऐकणार नाहीत. आणि पत्र आम्हां दोघांना घाला. मला आणि हिला."

नवऱ्याला आणि बायकोला मिळून पत्र, हे मी तोवर ऐकलं नव्हतं. पण मला लिहायची हौस होती, आणि त्यापेक्षा मोठं कारणही होतं. आदल्या वर्षी एका खोताच्या आईच्या हनुवटीवरचा तीळ मी काढून टाकला होता, तर खोत म्हणाला, ही माझी आईच नव्हे, फोटो परत न्या. तेव्हापासून मला कागदावर मान्यता हवी होती. म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी दोन पानी पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. वरचा मायना सोडून महत्त्वाचं तेवढं इथे उतरवतो.

"उभयतांस सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आल्बमात बारा फोटो येतील. पानं काळी, मध्ये पातळ कागद, फोटोंना तपकिरी रंग दिला जाईल, तो टिकतो. पहिल्या पानावर आपणां उभयतांचा फोटो, त्यात कुंकू व शालूचे काठ हाताने रंगवून मिळतील. उभयतांच्या काचेवर पेन्सिलीचे पूर्ण काम होईल. घोळक्याच्या फोटोंत ज्यांचे डोके शेंगदाण्याहून लहान आले आहे त्यांच्यावर काम होणार नाही, त्यांनी रागावू नये.

माझी पद्धत अशी की, आज आहे आणि उद्या जाईल ते मी न विचारता काढतो. मुरूम, घामोळे, डास चावल्याची गांधी, सुनेच्या धास्तीने डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळे. जे कायमचे आहे ते विचारून काढतो. पेन्सिलीचे काम चुकले तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून पुन्हा करता येते. चाकूने काच खरवडण्याचे काम मात्र एकदा केले की ब्रह्मदेवालाही परत फिरवता येत नाही.

हळदीबद्दल. आमच्या काचेला पिवळा रंग दिसत नाही, तो काळा उतरतो. त्यामुळे सौभाग्यवती वहिनी फोटोत आहेत त्याहून पुष्कळ सावळ्या आल्या आहेत. दोष हळदीचा आहे, माझा नाही, वहिनींचाही नाही. काचेच्या पाठीला पातळ कागद लावून चेहऱ्यापुरती शिशाची पूड चोळली की रंग जागेवर येईल.

वडिलांच्या टकलावर उन्हाची तिरीप आली आहे, ती चाकूने कमी करावी लागेल. मातोश्रींच्या नाकाशेजारचा मस आणि गळ्याच्या सुरकुत्या यांपैकी एक काढता येईल, दोन्ही काढल्यास त्या धाकट्या बहिणीसारख्या दिसतील. मावशींनी डोळे मिटले आहेत. मी डोळे रंगवत नाही, ते बाहुलीचे होतात. काकांनी मान हलवल्यामुळे त्यांना दोन नाके आली आहेत. पैकी कोणते ठेवायचे ते कळवावे.

आता मुख्य. वहिनींच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण मी संपूर्ण काढून देईन. हे काम रत्नागिरीत दुसरा कोणी करू शकणार नाही. कबुली आहे असे धरून चालतो. हरकत असल्यास उभयतांनी कळवावे."

पत्र टपालात टाकलं आणि उत्तराची वाट पाहत बसलो. नुसतं बसणं माझ्या रक्तात नाही. शिवाय पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या आगबोटीनं जोडपं मुंबईला जाणार होतं. आगबोटी बंद झाल्या की आल्बम थेट दिवाळीतच पोचणार. उत्तर येईपर्यंत थांबलो तर काम अपुरं राहणार, म्हणून मी उभयतांची काच घेतली, तिरक्या चौकटीत बसवली, खाली आरसा ठेवून उत्तरेचा उजेड वर फेकला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

त्या दोन दिवसांबद्दल मी कमी लिहीन म्हणतो, पण जमणार नाही. मुरूम हा एक ठिपका असतो. देवीचा वण म्हणजे खड्डा. त्याच्या एका कडेला सावली, दुसऱ्या कडेला चकाकी. सावली भरायची, आणि चकाकीच्या भोवतीचं सगळं थोडं थोडं चढवत तिच्याइतकं आणायचं, म्हणजे चाकू लागत नाही. चाकू न लावता देवीचे वण काढणं मला शिकवणाऱ्यालाही येत नव्हतं. मी सकाळी उजेड आला की बसायचो आणि उजेड गेला की उठायचो. एकेक भरताना मोजत होतो. एकशे त्रेचाळीस. कपाळावर सगळ्यात जास्त, हनुवटीवर अगदी थोडे. शेवटी कागदावर एक प्रत काढली, धुतली, वाळवली आणि दाराशी नेऊन उजेडात धरली.

चेहरा तिचाच होता. तेच नाक, तेच किंचित आवळलेले ओठ, कातडीची कातडी राहिलेली, कुठे पीठ नाही, मेण नाही. फक्त देवी त्या घरात कधी आल्याच नव्हत्या. मला वाटलं, आता गावातल्या बाकीच्या फोटोवाल्यांनी दुकानं बंद करून आंब्याच्या पेट्या भराव्या. ही प्रत मोठी करून माझ्या दर्शनी कपाटात लावायची हेही तेव्हाच ठरलं.

चार दिवस झाले तरी उत्तर नाही. पाचव्या दिवशी मी ती प्रत पुठ्ठ्यात घालून सर्व्हिस मोटारीनं निघालो.

शिरस्तेदार ओटीवरच होते. पायरीपाशी त्यांच्या पत्नी म्हणजे नवरदेवाच्या आई सुपारी कातरत होत्या, आणि झोपाळ्यावर दोन नाकांचे काका. नवरदेव विहिरीवरून आला. मला कोकमाचं सरबत मिळालं.

"माझं पत्र पोचलं ना?" मी विचारलं.

"कसलं पत्र?" शिरस्तेदार म्हणाले.

सरबताचा दुसरा घोट माझ्या घशातच होता तेव्हा पोस्टमन अंगणात आला. त्या गावाला आठवड्यातून दोनदाच टपाल जायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या हातात माझंच पाकीट होतं. मी पाकिटावर अक्षर सुंदर काढतो, त्यामुळे लांबूनही ओळखू आलं.

"द्या इकडे, मीच वाचून दाखवतो," मी उठलो.

"बसा," शिरस्तेदार म्हणाले. "या घरात आलेलं पत्र मी वाचतो."

"अहो, पण ते या दोघांना आहे."

"मग दोघं ऐकतील. सूनबाई!"

माजघराच्या दारात बांगड्या वाजल्या. पोस्टमननं पिशवी खांद्यावरून काढली आणि पायरीवर टेकला. "वाचा, भाऊसाहेब. मला पुढे जायचंय, पण वाचा."

शिरस्तेदारांनी चष्मा लावला आणि कोर्टात फिर्याद वाचावी तसं मोठ्यानं वाचायला घेतलं. एक शब्द गाळला नाही. सुनेच्या धास्तीनं आलेल्या वर्तुळांपाशी आतून कोणीतरी खुदकन हसलं. मी सरबताच्या भांड्यात पाहत बसलो.

"वडिलांच्या टकलावर..." शिरस्तेदार थांबले. पुन्हा वाचलं. "वडिलांच्या म्हणजे कोणाच्या?"

"ते फक्त उन्हाबद्दल आहे," मी म्हणालो.

"इथे टक्कल असं लिहिलंय. कागदावर."

"मग केस लिहू का?" मी म्हणालो. चुकलंच माझं, पण तोंडातून गेलं.

आईंनी अडकित्ता खाली ठेवला. "आणि माझा मस काय म्हणून काढलात गावापुढे?"

"काढला नाही अजून. विचारलंय."

"मस काढा आणि सुरकुत्याही काढा."

"दोन्ही नाही. एक घ्या. मस घ्या किंवा सुरकुत्या घ्या."

"बरं, मस पुरा आणि सुरकुत्या अर्ध्या."

मी बाजारात आयुष्य काढलं आहे, पण इतक्या पटकन मला कोणी कात्रीत धरलं नव्हतं. "मस पुरा, आणि गळ्यावरची वरची एकच सुरकुती. याच्यापुढे नाही."

"झालं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपारी कातरू लागल्या.

"माझं काय?" काका म्हणाले. "दोन नाकं कशी आली मला?"

"माकडाकडे पाहिलंत म्हणून."

"मग माकडाकडचं नको. सरळ पाहतानाचं ठेवा." थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "पण त्यातलं बरं कोणतं दिसतं?"

"माकडाकडचं," पोस्टमन म्हणाला. त्यानं फोटो पाहिलाही नव्हता.

सगळे हसत होते. त्या हसण्यातच शिरस्तेदारांनी पुढची ओळ वाचली, त्याच आवाजात, त्याच सुरात. "आता मुख्य. वहिनींच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण..."

आणि अडकित्ता थांबला, झोपाळा थांबला.

मला तेव्हा कळलं की मुलगी पाहायला गेल्यापासून लग्न होईपर्यंत आणि लग्नानंतरचे हे दिवस, त्या घरात ही गोष्ट एकदाही कोणी बोललं नव्हतं. सगळ्यांनी पाहिली होती, सगळ्यांनी मान्य केली होती, आणि ती शब्दांत न आणणं हीच त्यांची रीत होती. ती रीत माझ्या सुंदर अक्षरानं मोडली. शिरस्तेदार मात्र अर्ध्यावर कागद सोडणारे नव्हते. त्यांनी शेवटच्या "कळवावे" पर्यंत वाचलं, हळू हळू, आणि चष्मा काढून पुसत बसले. पोस्टमननं पिशवी उचलली आणि कोणाला न सांगता निघून गेला.

असल्या वेळी मी माल दाखवतो. बोलून जे बिघडलं ते माल पाहून सुधारतं, हा माझा अनुभव. पुठ्ठ्यातून प्रत काढली आणि आईंच्या हातात दिली.

"अगो बाई," त्या म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी ती शिरस्तेदारांना दाखवली, त्यांनी काकांना. काका म्हणाले, "ह्याला म्हणतात काम. माझं जास्तीचं नाकसुद्धा असंच काढा."

"मुंबईला माझ्या नणंदेला दाखवायला झाला हा," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "चाळीत चार माणसं येतील, बघतील. आता काही म्हणायला जागा नाही. बघ रे, कशी दिसते."

नवरदेवानं प्रत हातात घेतली. उजेडाकडे धरून पाहिली. मग दाराकडे गेला आणि आत दिली.

मी वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर माझं लक्ष फक्त त्या दाराकडे होतं. इतरांनी वाखाणलं ते ठीक, पण ज्या चेहऱ्यावर मी दोन दिवस बसलो त्या चेहऱ्याकडून मला ऐकायचं होतं.

आतून आवाज आला. "माझी हरकत आहे."

"कोणाची?" शिरस्तेदार म्हणाले. त्यांना खरंच कळलं नाही.

"माझी. पत्रात म्हटलंय, हरकत असल्यास उभयतांनी कळवावे. मी कळवते आहे."

"अगो, तुझ्या भल्याचंच आहे ते," आई म्हणाल्या.

ती दारात आली. मराठी सातवीची फायनल परीक्षा पास झालेली मुलगी होती, वय सतराअठरा. डोक्यावरचा पदर सावरला होता, पण मान खाली नव्हती. ती माझ्याशी बोलत होती, म्हणजे ऐकवत सगळ्यांना होती.

"मुंबईत कोणी घरी आलं की त्यांच्या हातात आल्बम देतात. मी आत चहा करणार, तोवर ते पानं उलटणार. पहिल्याच पानावर हा फोटो. मग मी चहा घेऊन बाहेर येणार. ते एकदा आल्बमाकडे बघणार, एकदा माझ्याकडे. मला ते बघणं ठाऊक आहे. वणांची सवय झाली मला, लहानपणापासून आहेत. त्या बघण्याची होत नाही. दर चहाला तेवढं सोसायचं का मी?"

 उत्तर मी दिलं. मला उत्तर नसलं की राग येतो.

"बाई, दोन दिवस!" मी म्हणालो. "दोन दिवस मान मोडून बसलोय. एकेक वण भरलाय. एकशे त्रेचाळीस!"

"एवढे आहेत?" तिनं विचारलं. "मी कधी मोजले नव्हते."

 मी दुसरीकडून गेलो. सौदा हातातून निसटताना मी कधी सरळ जात नाही. "आता हरकत घेऊन उपयोग नाही. काचेवर झालंय ते झालंय. परत येत नाही."

तिनं सासऱ्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "पेन्सिलीचं काम टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येतं, असं आत्ताच वाचलं ना? चाकूचं तेवढं परत फिरत नाही."

शिरस्तेदारांनी चष्मा पुन्हा लावला, ओळ शोधली, बोट ठेवलं. "आहे. तसं आहे."

"चाकू लावलात का तुम्ही?" तिनं मला विचारलं.

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. "लावला" एवढा एकच शब्द. काच माझ्या घरी, पाहायला कोण येणार? आल्बम माझ्या मर्जीचा झाला असता, कपाटात माझी प्रत लागली असती, आणि ती मुंबईत जन्मभर चहा घेऊन बाहेर येत राहिली असती. पण त्या काचेवर मी चाकू लावला नव्हता, हीच तर माझ्या कामाची थोरवी होती. ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान, तीच मी नाकारायची? मला ते झेपलं नाही.

"नाही लावला," मी म्हणालो. "चाकू न लावता केलंय ते. लक्षात ठेवा तेवढं."

शिरस्तेदार आता रंगात आले होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्यापुढे इतका चांगला कागद आला नसावा. "पत्र उभयतांना आहे. मान्यता उभयतांची हवी. एकाची हरकत असेल तर मान्यता पुरी होत नाही. मात्र हरकतही उभयतांनी कळवायची आहे." ते मुलाकडे वळले. "तुझं काय?"

नवरदेव ओटीच्या खांबाला टेकून उभा होता. "मी हिला पाहून होकार दिला होता," तो म्हणाला. "फोटो पाहून नाही. माझीही हरकत आहे."

"लिहून द्या," शिरस्तेदार म्हणाले.

"मग माझा मस?" आईंनी विचारलं.

"तुमच्या मसाबद्दल कोणाची हरकत नाही," मी ओरडलो.

मी निघण्याच्या तयारीत पुठ्ठा मागितला. तिनं प्रत पुठ्ठ्यात घातली, पण पुठ्ठा हातात धरून ठेवला.

"हा तुम्ही कुठे लावणार?"

"कपाटात. रस्त्यावरून दिसेल असा."

"लावू नका."

"माझी काच, माझा कागद, माझी मेहनत."

"चेहरा?"

ही मुलगी बंदरावर असती तर तिनं मचवे विकत घेतले असते. मी म्हणालो, "मला काय मिळेल?"

"काय हवं?"

"दाखला. तुमच्या हाताचा. मी काम कसं केलं ते लिहून द्या, तो मी भिंतीवर लावीन आणि ही प्रत कोणाला दाखवणार नाही."

ती आत गेली आणि कागद घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं, "फोटोग्राफरांनी चेहरा आहे तसाच ठेवला. काही काढले नाही, काही घातले नाही." मी वाचून होतो न होतो तोच ती म्हणाली, "थांबा. हळद काढणार ना? ती काढा. ती चार दिवसांची." आणि तिनं खाली जोडलं, "फक्त हळद काढली."

खाली दोघांनी सह्या केल्या. शिरस्तेदारांनी साक्षीदार म्हणून तिसरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला उजेड होता. मी काच चौकटीत ठेवली, कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेतलं आणि एकदा डावीकडून उजवीकडे फिरवलं. दोन दिवसांचं काम गेलं. बोळा किंचित राखाडी झाला, बस. एकशे त्रेचाळीस वण मागे फिरून आपापल्या जागी येऊन बसले. मग हळदीचा कागद लावला, शिशाची पूड चोळली, बारा फोटो छापले, कुंकू आणि काठ रंगवले, आईंचा मस काढला, काकांचं सरळ नाक ठेवलं. टकलावरची तिरीप कमी केली तेव्हा हात जरा जास्त चालला आणि शिरस्तेदारांचं टक्कल सावळं पडलं. त्याबद्दल मला वाईट वाटलं नाही. आल्बम शेवटच्या आगबोटीआधी पोचला.

दाखला मी चौकटीत घालून स्टुडिओत लावला, आणि माझ्या धंद्याची वाट लागली. गिऱ्हाईक आत यायचं, भिंतीवर वाचायचं, "काही काढले नाही," आणि म्हणायचं, "म्हणजे तुम्हाला काढता येत नाही वाटतं?" एक पानवाला म्हणाला, "फक्त हळद काढता येते का?" मी त्याला पायरीवरून खाली ढकलला. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या फोटोवाल्यानं पाटीवर लिहून घेतलं, वण, तीळ, मस खात्रीनं काढून मिळतील. त्याचे चेहरे सगळे पिठाचे. आणि ज्याच्या हातानं चाकू न लावता देवी पुसल्या, तो हळदवाला म्हणून ओळखला जायला लागला. ती प्रत दाखवली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पेटीत होती. पेटीला कुलूप होतं. किल्ली माझ्याच खिशात होती. मी शब्द दिला नसता तर किती बरं झालं असतं, असं महिन्यातून चारदा तरी वाटायचं.

तीनचार वर्षांनी ती दोघं गणपतीसाठी गावी आली होती. परत जाताना मुलाचा फोटो काढायला माझ्याकडे आली. मुलगा दोनेक वर्षांचा, कपाळावर ताजं टेंगूळ.

"टेंगूळ काढा हं," ती म्हणाली. "ते उद्या जाईल."

भिंतीवरचा दाखला तिनं वाचला आणि हसली. नवरा मुलाला घेऊन अंगणात गेला होता. तिनं हळूच विचारलं, "तो फोटो आहे अजून?"

"आहे."

"कोणाला दाखवलात?"

"नाही. आणि त्यापायी मी बुडालोय," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. हळदवाला, पानवाला, कोपऱ्यावरचा पिठाचा कारखाना. माझा आवाज चढला होता. ती उठून गेली नाही.

"बघू," ती म्हणाली.

मी पेटी उघडली. तिनं प्रत उत्तरेच्या काचेपाशी नेली, आणि त्या दिवशी माजघरात पाहिली नव्हती इतकी बारकाईनं पाहिली. मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, आता ऐकायला मिळेल. इतक्या वर्षांनी, एकाच माणसाकडून, पण योग्य माणसाकडून.

"सुंदर काम आहे हो," ती म्हणाली. मग बोट कानाच्या पाळीखाली ठेवून म्हणाली, "पण हा एक राहिला."

मी भिंग आणलं. राहिला होता. पाळीच्या सावलीत, एकशे चव्वेचाळीसावा.